सही नसली तरी आत्याचा हक्क

गोव्यात घरदाराची वाटणी कागदावर येते तेव्हा सह्यांची रांग लांबलचक असते. नवराबायकोच्या समाईक मालमत्तेचा आपला कायदा असल्यामुळे भावाबरोबर वहिनीची सही लागते आणि बहिणीबरोबर मेहुण्याची लागते. आई हयात असेल तर निम्मी मालकी तिचीच, त्यामुळे तिच्या सहीशिवाय काही होतच नाही. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत अर्धे कुटुंब हजर असते. तरीही त्याच कागदाच्या आत, चौथ्या-पाचव्या पानावर, एखादे नाव असे असते की ज्याची सही कुठेच नसते. बहुतेक वेळा ते घरात राहणाऱ्या आत्याचे असते. तिला खोली द्यायची आणि दरमहा खर्चाला पैसे द्यायचे असे भाऊ आपसात लिहून देतात. पुढे पैसे बंद झाले आणि तिने कागद पुढे केला की उत्तर मिळते, ‘तुजी सय खंय आसा?’

हे उत्तर कायद्याने चूक आहे आणि न्यायानेही चूक आहे, असे माझे मत आहे. भारतातल्या न्यायालयांनी कौटुंबिक कराराच्या बाबतीत हे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच नाकारले. पण संसदेने मात्र तो संपूर्ण हक्क सरळ शब्दांत लिहून ठेवलेला नाही. त्यामुळे कोर्टात गेलेल्या आत्याला आधी आपण दाराशी का उभ्या आहोत हे पटवून द्यावे लागते आणि मग पैशांचे बोलता येते. हा क्रम बदलला पाहिजे.

एक दस्त समोर ठेवून बोलू. फोंडा तालुक्यातले एक घर आणि त्यालगतचे माडा-पोफळींचे कुळागर. बाप वारला, आई आधीच गेलेली. मागे दोन मुलगे. धाकटा घरी राहून कुळागर सांभाळणारा, थोरला विदेशात स्थायिक. कुळागराचा एक तुकडा आपण पाठवलेल्या पैशांतून घेतला असे थोरल्याचे म्हणणे, धाकट्याला ते मान्य नाही. शेवटी तडजोड होते. घर आणि कुळागर धाकट्याकडे जाते, रस्त्यालगतचा भूखंड आणि काही रोख रक्कम थोरल्याला मिळते. बापाची बहीण, म्हणजे या दोघांची आत्या, विधवा होऊन माहेरी परतलेली. आजोबा वारल्यावर तिने आणि तिच्या नवऱ्याने नोटरीसमोर हक्कसोड लिहून दिली होती. आपल्याकडे हक्कसोडीला अट घालता येत नाही. ‘मला सांभाळाल तर सोडते’ असे त्या कागदात लिहिण्याची सोयच नव्हती. म्हणून तिच्या सांभाळाची गोष्ट भावांच्या वाटणीपत्रात येते. घरातली पूर्वेकडची खोली आणि न्हाणीघर तिला हयातभर वापरायला मिळेल आणि धाकटा तिला दर महिन्याला सहा हजार रुपये देईल, असे कलम पडते. सह्या चार होतात, दोन भाऊ आणि दोन वहिनी. दस्ताची नोंदणी होते. आत्या त्या दिवशी घरीच असते.

धाकटा काही वर्षे पैसे देतो, मग थांबवतो. थोरला तिकडून फोनवर म्हणतो की तुमचे तुम्ही बघा.

आता जुना इंग्रजी नियम जसाच्या तसा लावला तर काय होईल ते पाहा. करार दोन भावांमधला, म्हणून दावा लावण्याचा हक्क फक्त थोरल्याला. पण थोरल्याचे एका रुपयाचेही नुकसान झालेले नाही. त्याने दावा लावला तरी भरपाई कशाची मागणार? आणि जिचे नुकसान झाले तिला दावाच लावता येत नाही. वचन मोडणारा मोकळा, कारण ज्याला हक्क आहे त्याला तोटा नाही आणि जिला तोटा आहे तिला हक्क नाही.

हा नियम आला कुठून? १८६१ साली इंग्लंडमध्ये ट्वेडल विरुद्ध अ‍ॅटकिन्सन हा खटला झाला. मुलाच्या आणि मुलीच्या बापांनी लग्नानिमित्त आपसात करार केला होता. नवऱ्या मुलाला मुलीच्या बापाने दोनशे पौंड द्यायचे आणि मुलाच्या बापाने शंभर. एवढेच नव्हे, मुलाला या पैशांसाठी दावा लावण्याचा पूर्ण अधिकार राहील असेही त्यात लिहिले होते. मुलीचा बाप पैसे न देताच वारला. जावयाने त्याच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकावर दावा लावला आणि हरला. कारण काय, तर तू करारात नव्हतास आणि तुझ्याकडून मोबदला गेलेला नाही. दोन्ही बापांनी ज्याच्यासाठी कागद केला, ज्याला दाव्याचा अधिकार देऊन ठेवला, त्यालाच परका ठरवले गेले.

आपल्या १८७२ च्या करार कायद्याने यातला निम्मा अडथळा सुरुवातीलाच दूर केला. कलम २(ड) प्रमाणे मोबदला वचन घेणाऱ्याकडून ‘किंवा अन्य कोणाकडून’ आला तरी चालतो. आत्याने धाकट्याला काही दिले नाही, हा मुद्दा त्यामुळे निकालात निघतो. थोरल्याने कुळागरावरचा दावा सोडला, तो मोबदला पुरेसा आहे. पण मोबदला एक आणि करारातला पक्ष दुसरा. वकील मंडळीही कधी कधी या दोहोंची गल्लत करतात. १८८२ च्या मद्रासच्या चिन्नया विरुद्ध रामय्या या खटल्याचा दाखला अशा वेळी दिला जातो. त्यात एका वृद्धेने मुलीला जमीन बक्षीस दिली होती आणि मुलीने एका नातलगाला वर्षाला ६५३ रुपये द्यायचे होते. ते पैसे कोर्टाने देववले. मात्र त्या मुलीने त्याच दिवशी नातलगाला वेगळा कागद स्वतः लिहून दिला होता, म्हणजे तो नातलग करारात होताच. आपल्या आत्याच्या हाती तसा कागद नाही, म्हणून तिला हा दाखला अर्ध्या वाटेपर्यंतच नेतो.

उरलेली वाट १९१० साली प्रिव्ही कौन्सिलने खुली केली. अलाहाबाद हायकोर्टाकडून आलेल्या त्या अपिलाचे नाव ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध हुसैनी बेगम. २५ ऑक्टोबर १८७७ रोजी मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला लिहून दिले होते की सून म्हणून येणाऱ्या मुलीला पानदानाच्या खर्चासाठी दरमहा पाचशे रुपये कायम देईन, आणि त्यासाठी त्याने आपल्या अमुक जमिनींच्या उत्पन्नावर बोजा ठेवला होता. नवरा-नवरी दोघेही तेव्हा अज्ञान होते. पुढे बेबनाव झाला, सून १८९६ मध्ये सासर सोडून गेली आणि तिने थकलेल्या पैशांसाठी सासऱ्यावर दावा लावला. सासऱ्याने ट्वेडलचाच आधार घेतला, की तू या करारात नव्हतीस. न्यायमूर्ती सय्यद अमीर अली यांनी दिलेल्या निकालात तो मुद्दा फेटाळला गेला. जिथे अज्ञान मुलामुलींची लग्ने आईबाप करार करून ठरवतात, तिथे हा इंग्रजी नियम लावला तर गंभीर अन्याय होईल, असे त्यात म्हटले आहे. जिच्यासाठी तजवीज केली आणि जिच्यासाठी मालमत्तेवर बोजा ठेवला, ती स्वतःच्या नावाने दावा लावू शकते.

या निकालाचा गाभा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे कुटुंबातले करार कुटुंबाच्या वतीने काही माणसे करतात आणि ज्यांच्यासाठी ते असतात ती माणसे खोलीबाहेर असतात. अज्ञान मुले बाहेर असतात, सुना बाहेर असत, आत्या आजही असते. सही नसण्याचे कारण तिचा संबंध नव्हता हे नसते. तिला बोलावण्याची गरज कोणाला वाटली नाही, एवढेच असते. त्या उणिवेचा फायदा वचन देणाऱ्याला मिळावा याला कसलेही समर्थन मला सापडत नाही.

पुढे हायकोर्टांनी हाच धागा पुढे नेला. वाटणीत भावांनी बहिणीच्या लग्नखर्चाची तजवीज केली तर बहीण तो खर्च मागू शकते, असे मद्रासमध्ये १९१५ सालीच ठरले. मुंबई हायकोर्टाने १९२४ च्या रोझ फर्नांडिस विरुद्ध जोझेफ गोन्साल्विस या खटल्यात, बापाने मुलीच्या लग्नाचा करार केला असता मुलीला सज्ञान झाल्यावर वचनभंगाचा दावा लावू दिला. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर या खटल्यात दोन्ही बाजू नेमक्या मांडल्या. नियम असा की करारात नसलेल्याला करार अंमलात आणता येत नाही. अपवाद असा की करारानेच ज्याला लाभार्थी केले आहे किंवा जिथे तो करार कौटुंबिक व्यवस्थेचा भाग आहे, तिथे आणता येतो.

चाकोचा खटला वाचताना मात्र दुसरी बाजूही नीट पाहावी. तिथे बँक हरली. कुटुंबाच्या दस्तात असे लिहिले होते की बँकेचे देणे निघाले तर ते अमुक मुलाने त्याच्या वाट्यातून फेडावे. बँकेने तेच वाक्य धरून त्या मुलावर आणि त्याच्या वाट्यावर बोजा असल्याचा दावा केला. कोर्ट म्हणाले की ते वाक्य कुटुंबातल्या माणसांनी आपसात ओझे कोणी उचलायचे यासाठी लिहिले होते, बँकेला हक्क देण्यासाठी नव्हे. म्हणजे कागदात नाव आले एवढ्याने भागत नाही. लाभ देण्याचा हेतू दिसला पाहिजे. ‘आत्याच्या औषधांची उधारी धाकट्याने चुकती करावी’ असे लिहिले असेल, तर औषधवाल्याला त्या वाक्यावर दावा लावता येणार नाही. आत्याला लावता येईल.

कायद्याच्या पुस्तकात या अपवादाचा एक तुकडा स्पष्ट शब्दांत सापडतो, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचे कलम १५(क) सांगते की करार हा लग्नानिमित्त केलेली तजवीज असेल, किंवा एकाच कुटुंबातल्या माणसांनी वादातल्या हक्कांबाबत केलेली तडजोड असेल, तर त्याखाली लाभ मिळणारी कोणतीही व्यक्ती त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी मागू शकते. आपल्या दस्ताला हे चपखल लागू पडते. कुळागराच्या तुकड्यावरून वाद होता, तो मिटवण्यासाठी वाटणीपत्र झाले आणि त्याच तडजोडीत आत्याची खोली ठरली. त्या खोलीसाठी ती स्वतःच्या नावाने दिवाणी कोर्टात उभी राहू शकते. थोरल्यालाही प्रतिवादी करून घ्यावे, म्हणजे करारातली दोन्ही माणसे कोर्टासमोर येतात आणि उद्या कोणी अपुऱ्या पक्षकारांचा मुद्दा काढत नाही.

मूळ दस्त भाच्याच्या कपाटात असला तरी तिचे अडत नाही. स्थावर मालमत्तेचे नोंदवलेले दस्त सब-रजिस्ट्रारच्या पुस्तक क्रमांक एकमध्ये असतात. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे ते पुस्तक कोणालाही फी भरून पाहता येते आणि त्यातल्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत मागता येते. त्यासाठी भाच्याची परवानगी लागत नाही. त्या प्रतीसोबत तिच्या पासबुकाची पाने जोडावीत. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाच्याच्या खात्यातून सहा हजार जमा झाल्याच्या नोंदी तिथे ओळीने दिसतात आणि मग एका महिन्यापासून त्या थांबतात. कलम नुसते शोभेचे नव्हते, भाच्याने ते पाळायला घेतले होते, याचा याहून स्वच्छ पुरावा नाही.

आता पैशांचा हिशेब. इथे दस्तातल्या एका वाक्याने किती फरक पडतो ते दिसते. आत्याने लाजेकाजेस्तव, घरातला तंटा चव्हाट्यावर नको म्हणून, पाच वर्षे वाट पाहिली असे धरू. साठ महिन्यांचे सहा हजारांप्रमाणे तीन लाख साठ हजार रुपये थकले. वाटणीपत्रात नुसते ‘धाकट्याने दरमहा द्यावेत’ असे असेल तर मुदतीचा कायदा तीन वर्षांचा. प्रत्येक महिन्याचा हप्ता थकला की त्याची तीन वर्षे वेगळी सुरू होतात. म्हणजे तिला मागे जाऊन छत्तीस महिन्यांचेच मागता येतील, दोन लाख सोळा हजार. आधीच्या चोवीस महिन्यांचे एक लाख चव्वेचाळीस हजार मुदतीत बुडाले. पण त्याच कलमात ‘ही रक्कम कुळागरावर बोजा राहील’ असे एक वाक्य जास्त असते, तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६२ प्रमाणे बारा वर्षांची मुदत मिळाली असती आणि सगळे तीन लाख साठ हजार तिला कुळागरातून वसूल करता आले असते. हुसैनी बेगमच्या कागदातही बोजा होता आणि तो तिच्या बाजूचा मोठा आधार ठरला, हे विसरू नये.

बोजाचे आणखी एक काम आहे, आणि आजच्या गोव्यात तेच सर्वांत निकडीचे आहे. कुळागरासकट जुनी घरे बाहेरच्या माणसांना विकली जाण्याचे प्रमाण आपण डोळ्यांनी पाहतो आहोत. धाकट्याने घर विकले तर आत्याचे काय? निव्वळ वचन असेल तर ते धाकट्याच्या अंगावर राहते, घर घेणाऱ्याच्या नाही. बोजा असेल तर तो मालमत्तेबरोबर जातो. मात्र मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०० मध्ये एक पळवाट आहे. किंमत मोजून आणि बोजाची माहिती नसताना ज्याने मालमत्ता घेतली, त्याच्याविरुद्ध बोजा चालत नाही. ती पळवाट नोंदणीने बंद होते, कारण नोंदवलेल्या दस्तातला मजकूर खरेदीदाराला माहीत होता असे कायदा मानतो. म्हणून पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर घरच्या घरी लिहिलेला वाटणीचा कागद आत्याच्या फारसा कामाचा नाही. आणि आपल्या गोव्यातली खास खबरदारी म्हणजे वहिनीची सही. समाईक मालमत्तेत निम्मे घर तिचे. तिच्या सहीविना नवऱ्याने घातलेला बोजा तिने नाकारला की आत्या पुन्हा अधांतरी.

इतके सगळे असताना मी तक्रार कशाची करतो? कारण एका प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या कोणत्याही कलमात लिहिलेले नाही, आणि घरोघरी नेमका तोच प्रश्न उभा राहतो. दोन्ही भाऊ चार वर्षांनी पुन्हा सब-रजिस्ट्रारकडे गेले आणि दुरुस्तीपत्र करून आत्याचे कलमच काढून टाकले तर? करार त्यांचा होता, त्यांनीच बदलला, असे म्हणतील. थोरल्याला काही फरक पडत नाही, धाकट्याला महिन्याला सहा हजार वाचतात, सही करायला दोघेही तयार. आत्याने मात्र तोवर हाताशी ठेवलेली मडगावची भाड्याची खोली त्या कलमाच्या भरवशावर सोडलेली असते. धाकट्याकडची मालमत्ता तेवढ्यापुरती आत्यासाठी सांभाळायला दिलेली आहे असा विश्वस्त-नात्याचा मुद्दा तिचा वकील मांडेल, बोजा असेल तर तो दाखवेल, आत्याने भरवशावर पाऊल उचलले असे सांगेल. कदाचित जिंकेलही. पण एवढ्या साध्या प्रश्नासाठी सत्तरीतल्या बाईने दहा वर्षे कोर्टाच्या तारखा का झेलाव्यात?

याचे उत्तर तयार आहे आणि १९५८ पासून तयार आहे. भारताच्या विधी आयोगाने करार कायद्यावरच्या आपल्या तेराव्या अहवालात शिफारस केली होती की ३७-अ असे नवे कलम घालावे. कराराने तिऱ्हाइताला उघडपणे थेट लाभ दिला असेल आणि करारात वेगळे म्हटलेले नसेल, तर त्या तिऱ्हाइताला स्वतःच्या नावाने तो करार अंमलात आणता यावा. करार करणाऱ्यांमध्ये एकमेकांविरुद्ध जे बचाव चालले असते ते त्याच्याविरुद्धही चालावेत. आणि त्याने लाभ उघड वा गर्भितपणे स्वीकारला की त्यानंतर त्याच्या हक्काला धक्का लागेल असा बदल करार करणाऱ्यांना करता येऊ नये. तीन वाक्यांत सगळे आले. ते कलम आजतागायत कायद्यात आलेले नाही.

दरम्यान ज्या इंग्लंडकडून आपण तो नियम घेतला त्यांनीच तो १९९९ साली कायदा करून बाजूला सारला. तिथल्या न्यायाधीशांना हा नियम किती अडचणीचा झाला होता ते १९६७ च्या बेस्विक खटल्यात दिसते. एका कोळसा व्यापाऱ्याने धंदा पुतण्याला दिला. स्वतः हयात असेपर्यंत आपल्याला आठवड्याला साडेसहा पौंड आणि मागे बायकोला पाच पौंड द्यायचे असे ठरले. तो वारल्यावर पुतण्याने काकूला एकदाच पाच पौंड दिले आणि हात वर केले. काकू जिंकली, पण स्वतःच्या नावावर नव्हे. नवऱ्याच्या मालमत्तेची व्यवस्थापक म्हणून तीच नेमली गेली होती, म्हणून नवऱ्याच्या जागी उभी राहून जिंकली. ती व्यवस्था दुसऱ्या कोणाकडे गेली असती, तर काकूचा हक्क त्या माणसाच्या मर्जीवर राहिला असता. आणि पोर्तुगालने तर १९६६ च्या नव्या नागरी संहितेत तिऱ्हाइताच्या लाभाचा करार स्वतंत्रपणे मान्य केला. गोवा १९६१ लाच मुक्त झाल्यामुळे ती संहिता इथे आली नाही. आपल्याकडे राहिले ते १८६७ च्या संहितेचे कौटुंबिक नियम, आणि करारासाठी आला तो १८७२ चा भारतीय कायदा.

याला विरोध करणारेही आहेत आणि त्यांचे एक म्हणणे मला वजनदार वाटते. ते म्हणतात, असा हक्क कायम केला तर लोक आत्याचे नाव कागदात घालायलाच घाबरतील. आज धाकटा प्रेमापोटी लिहून देतो, उद्या वकील सांगेल की लिहू नकोस, गळ्यात पडेल. हे होऊ शकते. पण ज्याला लिहून द्यायचे नाही त्याने लिहू नये, त्यात आत्याची फसवणूक तरी होत नाही. ती भाड्याची खोली सोडणार नाही, हाताशी असलेली पुंजी घराच्या डागडुजीत घालणार नाही. लिहून द्यायचे आणि मग सही नाही म्हणून हात झटकायचे, यात तिचे दोन्हीकडून जाते. शिवाय विधी आयोगाच्या कलमात ‘करारात वेगळे म्हटलेले नसेल तर’ ही मोकळीक आहे. ज्याला नुसता सदिच्छेचा शब्द द्यायचा आहे त्याने तसे स्पष्ट लिहावे. मग आत्यालाही कळेल की हा शब्द आहे, हक्क नव्हे.

दुसरे म्हणणे असे की ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहेच, डेप्युटी कलेक्टरकडच्या न्यायाधिकरणात जावे. तो कायदा चांगला आहे, पण तो वेगळाच प्रश्न विचारतो. तिथे आत्याला दाखवावे लागते की स्वतःच्या मिळकतीवर आपले भागत नाही. भाच्याकडून मागायचे तर ती निपुत्रिक असावी लागते, आणि तिची मालमत्ता त्या भाच्याच्या ताब्यात असावी वा पुढे त्याला मिळणार असावी लागते. आपल्या उदाहरणातल्या आत्याकडे कसलीच मालमत्ता नाही, तिने ती कधीच सोडून दिली. आणि तिला गरज सिद्ध का करायला लावायची? दोन भावांनी तोलूनमापून केलेल्या वाटणीतला तो एक हिस्सा होता. सहा हजारांचे ओझे धाकट्यावर आहे हे धरूनच थोरल्याने कुळागर सोडले असणार. ते ओझे उतरवून धाकट्याने कुळागर मात्र ठेवून घेतले, तर त्याने ठरल्यापेक्षा जास्त घेतले.

संसद ते कलम करेल तेव्हा करेल. तोवर हे दस्त लिहिणाऱ्या आपल्या वकिलांवर आणि नोटरींवर माझे मागणे आहे. ‘आत्याचा घराण्याच्या रीतीप्रमाणे सांभाळ करावा’ असले वाक्य लिहू नका. किती, कधी, कोणी, हे त्यातून कळत नाही आणि करार कायद्याच्या कलम २९ खाली संदिग्ध म्हणून ते उडते. त्याऐवजी असे लिहा: ‘लिहून देणार क्रमांक दोन हे आपल्या आत्यास, त्या हयात असेपर्यंत, प्रत्येक इंग्रजी महिन्याच्या पाच तारखेच्या आत सहा हजार रुपये त्यांच्या बँक खात्यात जमा करतील, दर तीन वर्षांनी या रकमेत दहा टक्के वाढ होईल, परिशिष्टातील पूर्वेकडील खोली व न्हाणीघर त्या हयातभर विनामूल्य वापरतील, या रकमेचा बोजा परिशिष्टातील कुळागरावर राहील, हे कलम आत्याच्या लाभासाठी असून त्या स्वतःच्या नावाने ते अंमलात आणू शकतील आणि त्यांच्या लेखी संमतीशिवाय ते बदलता वा रद्द करता येणार नाही.’ खोलीची चतुःसीमा परिशिष्टात द्या, जमल्यास नकाशावर रंगवा.

आणि आत्याला कचेरीत घेऊन या. संमती देणारी म्हणून पाचवी सही तिची घ्या. चालवत नसेल तर नोंदणी कायद्याच्या कलम ३८ खाली सब-रजिस्ट्रारला अर्ज करता येतो, अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे जाऊन जबाब घेण्याची तरतूद त्यात आहे. सही झाली की ती करारातली पक्ष होते आणि या लेखातला निम्मा वाद तिच्यापुरता उरत नाही. ज्यांच्या दस्तांवर ती सही नाही आणि आता होणेही नाही, त्यांनी सब-रजिस्ट्रारकडून प्रत काढावी, कलम स्वीकारल्याचे एक पत्र दोन्ही भाच्यांना स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावे आणि पहिला हप्ता थकल्यापासून तीन वर्षे पुरी होण्याआधी वकील गाठावा.